एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम गेली: उशिराचे रोजचे शंभर रुपये कसे मागायचे

2025 च्या आखाजीच्या आदल्या दिवशी, म्हणजे 29 एप्रिलला, माझी मावशी अमळनेरच्या बाजारातल्या एका एटीएमवर गेली. दोन्ही लेकी माहेरी आलेल्या, साड्या-बांगड्या घ्यायच्या होत्या. दहा हजारांचा आकडा टाकला. मशीन घरघरलं, आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत उमटलं आणि कार्ड बाहेर आलं. नोटा काही आल्या नाहीत. मोबाईलवर मात्र दहा हजार वजा झाल्याचा मेसेज. तिने तिथूनच मला फोन लावला, "भाऊ, पैसा निंघनात नही, पन कटी गयात!"

मी एका बँकेच्या शाखेत सहा वर्षं एटीएमचा हिशेब जुळवलेला आहे. आता नोकरी सोडून केळी बघतो, पण नात्यातल्या आणि गावातल्या अशा भानगडी अजून माझ्याकडेच येतात. बहुतेकांना गेलेली मूळ रक्कम परत मिळते. उशिराची भरपाई मात्र सहसा कोणी मागत नाही, आणि न मागितल्यामुळे ती राहून जाते. मावशीच्या प्रकरणात ती 1,900 रुपये निघाली. ती कशी मिळवली ते सुरुवातीपासून सांगतो.

नोटा न येता पैसे कापले कसे जातात

पिन टाकल्यावर मशीन आधी तुमच्या बँकेला विचारतं. एटीएम दुसऱ्या बँकेचं असेल तर हा निरोप एनपीसीआय चालवत असलेल्या एनएफएस नावाच्या जाळ्यातून जातो. तुमची बँक शिल्लक बघते, रक्कम खात्यातून वजा करते आणि "द्या" असं कळवते. त्यानंतर मशीन नोटा मोजायला घेतं. म्हणजे वजावट आधी आणि नोटा नंतर. नोट अडकली, वीज गेली, लाईन तुटली, तर मशीनने "दिले नाहीत, उलटवा" असा निरोप परत पाठवायचा असतो. तो पोहोचला तर पाच-दहा मिनिटांत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप खात्यात येतात. हा परतीचा निरोपच वाटेत हरवला की प्रकरण माणसांच्या हातात जातं, आणि खरा उशीर तिथे होतो.

मशीनसमोर उभं असताना

लगेच निघू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, कारण कधी कधी नोटा उशिरा बाहेर येतात आणि मागचा माणूस त्या उचलतो. नोटा येतात त्या फटीला हात लावून बघा. त्यावर पट्टी चिकटवून नोटा अडवून ठेवणारे चोर असतात. पट्टी हलताना दिसली तर जागा सोडू नका, तिथे लिहिलेल्या नंबरवर आणि 112 वर फोन करा. अशा वेळी मशीनच्या दृष्टीने नोटा दिलेल्या असतात, त्यामुळे नंतर भांडणं फार अवघड जातं.

तसं काही नसेल तर चार गोष्टी टिपा: तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ, मशीनवर लिहिलेला एटीएम आयडी, एटीएम कोणत्या बँकेचं आणि कुठलं, आणि चिठ्ठी किंवा मेसेजमधला संदर्भ क्रमांक. चिठ्ठी आली असेल तर तिचा फोटो तिथेच काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात ती शर्टाच्या खिशात दोन दिवस राहिली की छपाई पुसट होते. मावशीकडे चिठ्ठी आलीच नव्हती. मी तिला फोनवर सांगून मशीनच्या वरच्या कोपऱ्यातल्या आयडीच्या स्टिकरचा फोटो काढायला लावला. पुढे सगळ्या अर्जांत तोच कामाला आला.

काही नोटा आल्या आणि काही आल्या नाहीत, तर कॅमेऱ्यासमोरच मोजा आणि तक्रारीत कमी आलेला आकडा लिहा.

आणि मदतीचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. आपण शोधलेल्या खोट्या नंबरवरचा गोड आवाज उरलेली शिल्लकही नेतो.

तक्रार कोणत्या बँकेकडे

इथे नव्या माणसाची पहिली चूक होते. एटीएम ज्या बँकेचं, त्या शाखेत तो जातो, तिथे "तुमच्या बँकेत जा" असं सांगतात, आणि त्याला वाटतं टोलवतायत. या वेळी ते बरोबर सांगत असतात. ज्या बँकेचं कार्ड, म्हणजे जिथे तुमचं खातं, तिथेच तक्रार करायची. दुसऱ्या बँकेकडून पैसे वसूल करणं हे तुमच्या बँकेचं काम. ते या दोन बँकांमध्ये एनएफएसमधून चालतं, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या शाखेने "त्या बँकेला भेटा" म्हटलं, तर मात्र ती चूक आहे आणि ती मान्य करू नका.

मावशीने 30 एप्रिलला कार्डामागच्या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. 1 मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी. 2 मेला मी तिच्या शाखेत लेखी अर्ज दिला. फोनवरच्या तक्रारीने काम चालू होतं, पण लेखी अर्ज लागतोच, कारण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं झालं तर तो दाखवावा लागतो. अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "राहू द्या, मी करतो" असं ओळखीचा साहेब म्हणाला तरी शिक्का घ्या. साहेबाची उद्या बदली होते.

अर्ज लांबवायची गरज नाही. मावशीचा असा होता:

"प्रति, मा. शाखाधिकारी. विषय: एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाल्याबाबत. महोदय, माझ्या बचत खात्याच्या डेबिट कार्डाने मी दि. 29/04/2025 रोजी सायंकाळी 5.12 वाजता अमळनेर येथील एटीएममधून (आयडी सोबतच्या फोटोत) रु. 10,000 काढण्याचा प्रयत्न केला. नोटा मिळाल्या नाहीत, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली. दूरध्वनीवरील तक्रार क्रमांक सोबत दिला आहे. कृपया रक्कम परत जमा करावी, तसेच व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांपलीकडे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दि. 20/09/2019 च्या परिपत्रकानुसार दररोज रु. 100 भरपाई जमा करावी. संबंधित एटीएमचे त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याबाबत संबंधित बँकेस कळवावे. आपली विश्वासू."

शेवटची दोन वाक्यं पहिल्याच अर्जात हवीत. सीसीटीव्हीचं चित्रण कायमचं ठेवत नाहीत, जुन्यावर नवं चढत जातं. महिनाभराने मागितलं तर "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंही असू शकतं.

दिवस मोजायचे कसे

हा लेख खरं तर एवढ्यासाठीच लिहिला आहे.

20 सप्टेंबर 2019 च्या या परिपत्रकाचे नियम 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहेत. त्यात एटीएमसाठी "टी अधिक पाच" अशी मुदत आहे. टी म्हणजे व्यवहाराची तारीख. त्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून रक्कम परत करायची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये, तेही ग्राहकाने अर्ज करण्याची वाट न बघता खात्यात टाकायचे. बँक मित्राकडच्या मायक्रो एटीएमलाही हाच नियम आहे.

मोजताना व्यवहाराचा दिवस शून्य धरायचा. मावशीचा शून्य 29 एप्रिल. 30 एप्रिल पहिला, 1 मे दुसरा, 2 मे तिसरा, 3 मे चौथा, 4 मे पाचवा. यात 1 मेची सुट्टी आणि 4 तारखेचा रविवार दोन्ही आले, कारण दिवस कॅलेंडरचे धरायचे, कामाचे नाही. 4 मेच्या रात्रीपर्यंत पैसे आले असते तर भरपाई शून्य. 5 मे हा उशिराचा पहिला दिवस.

पैसे आले 23 मेला. 5 पासून 23 पर्यंत, दोन्ही टोकं धरून, 19 दिवस. दुसऱ्या रीतीने ताळा करा: 29 एप्रिलपासून 23 मे हा चोविसावा दिवस, त्यातून पाच वजा केले की 19. म्हणजे 1,900 रुपये. रक्कम दहा हजारांची होती म्हणून 1,900 असं नाही, पाचशे रुपये अडकले असते तरी भरपाई एवढीच झाली असती. शंभर रुपये दिवसाला आहेत, टक्क्याने नाहीत.

23 तारखेला मावशीला दोन मेसेज आले. एक दहा हजार जमा झाल्याचा, दुसरा "आपली तक्रार निकाली काढली आहे" असा. ती खूश. तिने मला आंब्याच्या रसाला बोलावलं आणि विषय संपला असं तिला वाटलं. मी पासबुक भरून आणायला सांगितलं. भरपाईची नोंद नव्हती.

मूळ रक्कम आल्यावरचा दुसरा अर्ज

इथेच बहुतेकांची गाडी थांबते. रक्कम उलटवण्याचं काम यंत्रणेतून होतं, पण उशिराचे दिवस मोजून भरपाई टाकणं बऱ्याच ठिकाणी कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतं. तक्रार "निकाली" दाखवली की ते टेबल रिकामं होतं. म्हणून रक्कम आल्याच्या आठवड्याभरात दुसरा अर्ज द्यायचा, आणि त्यात फक्त हिशेब मांडायचा: व्यवहाराची तारीख, मुदत संपली ती तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख, उशिराचे दिवस, गुणिले शंभर. सोबत पासबुकाच्या त्या दोन नोंदींची झेरॉक्स. रागाचा एकही शब्द नको. आकड्यांचा अर्ज वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि वरिष्ठांना तसाच पुढे पाठवता येतो.

26 मेला आम्ही तो दिला. खिडकीतल्या ताईंनी वाचला आणि म्हणाल्या, "दादा, नियम सात वर्किंग डेचा आहे, आणि तोही तक्रार आल्यापासून."

त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना जुना नियम पाठ होता. मे 2011 च्या परिपत्रकात तसंच होतं: तक्रार मिळाल्यापासून सात कामाचे दिवस, आणि भरपाईसाठी व्यवहारापासून 30 दिवसांत दावा करायचा. 2019 ने हे बदललं. फरक किती पडतो ते बघा. लेखी अर्ज 2 मेचा. त्यापुढचे सात कामाचे दिवस मोजताना रविवार, 10 मेचा दुसरा शनिवार आणि 12 मेची बुद्ध पौर्णिमा वगळली की 13 मे येतो. तिथून 23 पर्यंत दहा दिवस, म्हणजे 1,000 रुपये. नव्या नियमाने 1,900. मी परिपत्रकाची छापील प्रत सोबत नेली होती, ती एटीएमच्या ओळीवर पेन्सिलने खूण करून अर्जाला जोडली. ते परिपत्रक रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. परिशिष्टात तक्ता आहे आणि एटीएम त्यात अगदी सुरुवातीलाच येतं.

30 दिवसांची अट आता नसली तरी मी सगळ्यांना पहिली तक्रार महिन्याच्या आतच करायला सांगतो, खरं तर दुसऱ्याच दिवशी. जुना नियम पाठ असलेल्या माणसाला नाही म्हणायला जागा ठेवू नये.

11 जूनला 1,900 रुपये खात्यात आले.

"व्यवहार यशस्वी" असं उत्तर आलं तर

मावशीचं प्रकरण तसं सरळ होतं, कारण त्या एटीएमच्या रोकडीत दहा हजार जास्त निघाले होते आणि समोरच्या बँकेने ते मान्य केलं. सगळ्यांचं असं होत नाही. कधी उत्तर येतं की नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे, म्हणून दावा फेटाळला. अशा वेळी पैसेही नाहीत आणि भरपाईही नाही.

हे उत्तर मशीनच्या ईजे लॉगवरून दिलेलं असतं. ईजे म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नल, मशीनची रोजनिशी: कार्ड कधी आलं, किती मागितले, कोणत्या कप्प्यातून किती नोटा मोजल्या, त्या बाहेर ठेवल्या का. पण रोजनिशी मशीनला जे वाटलं ते सांगते. पेटीत किती नोटा उरल्या ते सांगत नाही. त्यासाठी रोकड जुळवणीचा कागद असतो. रोकड भरायला गाडी येते तेव्हा उरलेल्या नोटा आणि नाकारलेल्या नोटांच्या डब्यातल्या नोटा मोजतात आणि मशीनच्या आकड्याशी ताडतात. मी हे काम करायचो तेव्हा डब्यात दुमडलेल्या पाचशेच्या नोटा सापडायच्या. रोजनिशीत त्या "दिल्या" म्हणून असायच्या आणि प्रत्यक्षात आत पडलेल्या असायच्या. त्या दिवशी "जादा रोकड" इतकी असं लिहिलं जायचं. तो आकडा तुमच्या रकमेशी जुळला की तुमची बाजू पक्की.

म्हणून फेटाळल्याचं उत्तर आलं की लेखी तीन गोष्टी मागा: त्या व्यवहाराची ईजेची प्रत, त्या दिवसानंतरच्या पहिल्या रोकड जुळवणीचा कागद, आणि सीसीटीव्ही चित्रण. सगळं हातात देतीलच असं नाही. पण मागितल्याची नोंद झाली की "तपासलं" असं मोघम लिहून चालत नाही, आणि पुढे लोकपालांसमोर हेच कागद बँकेला दाखवावे लागू शकतात.

रोकड तंतोतंत जुळली, रोजनिशीत नोटा उचलल्याची नोंद आहे आणि चित्रणात तुमचा हात नोटा घेताना दिसतो, तर दावा सोडून द्या. परिपत्रकातली भरपाई ग्राहकाची चूक नसलेल्या फसलेल्या व्यवहारालाच आहे. एका शेजाऱ्याचं असंच झालं होतं. नोटा त्याच्या मुलाने घेतल्या होत्या आणि घरी सांगितलं नव्हतं.

लोकपाल

बँकेला लेखी तक्रार देऊन 30 दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे. ती 12 नोव्हेंबर 2021 ला सुरू झाली. तक्रार cms.rbi.org.in वर करायची, फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर 14448 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. मोबाईलवर फॉर्म भरायची सवय नसेल तर गावातल्या ऑनलाईनवाल्याकडून भरून घ्या, पण ओटीपी तुम्हीच टाका आणि शेवटी येणारा तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

बँकेत आधी न जाता थेट इथे तक्रार टाकली तर ती बाद होते. म्हणून शिक्का मारलेली पोच, बँकेचं उत्तर, पासबुकाची पानं आणि आपला दिवसांचा हिशेब, एवढं जोडा. तक्रार तुमच्या खात्याच्या बँकेविरुद्ध करायची, एटीएमच्या बँकेविरुद्ध नाही. आणि बँकेचं उत्तर आल्यावर कागद कपाटात ठेवून पुढच्या आखाजीची वाट बघू नका, इथेही मुदत असते.

आणखी एक बारीक गोष्ट. मशीन बिघडलं, लाईन गेली किंवा नोटा नव्हत्या म्हणून फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नसतो, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2019 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. मावशीच्या पासबुकात मेच्या शेवटी एटीएम शुल्काचे वीस-बावीस रुपये कापलेले दिसले. ते त्याच फसलेल्या व्यवहारामुळे होते का हे बघायला मी नोंदी मोजल्या, तर होते. दुसऱ्या अर्जाची पोच घेऊन तसाच शाखेत गेलो आणि तेही परत मागितले.